चार मिलिमीटर खाली, दीड मिलिमीटर बाजूला

गोदामाच्या पत्र्याच्या छताखाली लोखंडी दांड्यांचे त्रिकोण असतात. फॅब्रिकेशनवाले त्यांना कैची म्हणतात, इंजिनिअर ट्रस म्हणतात. ही कैची मोडेल का, हा प्रश्न सगळ्यांनाच सुचतो. तिचा अमुक एक सांधा नेमका किती सरकेल, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा काम अडल्यावरच निघतो: खालचं फॉल्स सीलिंग टेकायला लागतं, मोनोरेलवरची चेनपुली एका बाजूला घरंगळते, किंवा भिंतीवरचं रोलरचं टोक पाचरीत अडकून बसतं. दांडे सगळे शाबूत असतात, सांधे तेवढे हललेले असतात.

कागदावर मांडायला सर्वांत सोपी कैची घेऊ. अ आणि ब ही भिंतीवर टेकलेली दोन टोकं, त्यांच्यात अंतर 8 मीटर. बरोबर मध्ये, तळाला, क हा सांधा. त्याच्या वर 3 मीटरवर शिखराचा ड. दांडे पाच: तळाचे दोन आडवे, अक आणि कब, प्रत्येकी 4 मीटर, दोन तिरपे, अड आणि डब, प्रत्येकी 5 मीटर, आणि मधला उभा कड, 3 मीटर. अ हे टोक पक्कं बसवलेलं आहे. ब रोलरवर आहे, म्हणजे त्याला आडवं सरकायला मोकळीक आहे. आता क या सांध्याला 60 किलोन्यूटनचं वजन टांगलं, साधारण सहा टन.

दांड्यांतली बलं काढणं हा शाळकरी तीन-चार-पाचच्या त्रिकोणाचा खेळ आहे. दोन्ही भिंतींवर 30-30 किलोन्यूटन येतात. त्यावरून तिरप्या दांड्यांत 50 किलोन्यूटनचा दाब, तळाच्या दांड्यांत 40 चा ताण आणि मधल्या उभ्या दांड्यात 60 चा ताण निघतो. सगळे दांडे 1000 चौरस मिलिमीटर छेदाचे धरले आणि पोलादाचा यंगचा गुणांक 200 गिगापास्कल घेतला, तर प्रत्येक दांडा किती ताणला किंवा आखडला तेही लगेच कळतं. बल गुणिले लांबी, भागिले क्षेत्रफळ आणि गुणांक यांचा गुणाकार, एवढंच. तळाचा प्रत्येक दांडा 0.8 मिमी लांबतो, तिरपा प्रत्येक 1.25 मिमी आखडतो, मधला 0.9 मिमी लांबतो.

इथपर्यंत कोणाचंच काही अडत नाही. अडतं ते पुढे. पाच दांड्यांच्या लांबीत हे पाच किरकोळ बदल झाले, तर क किती खाली आला? पट्टी-कंपास घेऊन नव्या लांब्यांचे त्रिकोण काढायला बसलं, तर पेन्सिलीच्या रेघेची जाडीच उत्तराइतकी भरते. भूमितीची समीकरणं मांडता येतात, पण पाच दांड्यांच्या जागी पन्नास आले की त्यांचा गुंता होतो.

ऊर्जेची वाट याहून सरळ आहे. वजन हळूहळू वाढवत नेलं की ते खाली उतरताना काम करतं, आणि ते काम दांड्यांत साठतं. ताणलेल्या किंवा दाबलेल्या दांड्यात साठलेल्या या ऊर्जेला विकृती-ऊर्जा म्हणतात. एका दांड्यात ती बलाच्या वर्गाला लांबीने गुणून क्षेत्रफळ आणि गुणांक यांच्या दुपटीने भागल्यावर मिळते. आपल्या पाच दांड्यांची बेरीज 121.5 ज्यूल होते. सहा टनांचं ओझं पेलणाऱ्या कैचीत साठलेली ही ऊर्जा म्हणजे साडेबारा किलोची बादली एक मीटर उचलायला लागतं तेवढं काम. बाहेरून झालेलं काम 60 किलोन्यूटनच्या निम्मे गुणिले खाली येणं इतकं आहे. निम्मे अशासाठी, की वजन शून्यापासून वाढत गेलं, त्यामुळे सरासरीने अर्धंच धरायचं. दोन्ही बाजू समान ठेवल्या की क 4.05 मिमी खाली आला, असं उत्तर मिळतं.

उत्तर मिळालं, पण ते एकाच सांध्याचं आणि एकाच दिशेचं. रोलरवरचं ब किती सरकलं? तिथे आडवं बल लावलेलंच नाही, मग काम कुठून मोजणार? शिखरावरही काही टांगलेलं नाही. ऊर्जेची एकूण बेरीज एकच, त्यामुळे तिच्यातून उत्तरही एकच निघतं.

हा अडसर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1864 मध्ये दूर केला. विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांसाठी जग ज्यांना ओळखतं तेच हे मॅक्सवेल. तेव्हा ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते आणि वय होतं बत्तीस. ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्यांनी चौकटींचा समतोल आणि ताठरपणा यांवर एक छोटा निबंध छापला. सगळी पद्धत त्यात होती, पण पूल बांधणाऱ्याला हाताशी धरून दाखवावं असं सोडवलेलं उदाहरण नव्हतं. पूल बांधणाऱ्यांनी तो वाचलाच नाही म्हटलं तरी चालेल. दहा वर्षांनी, 1874 मध्ये, जर्मनीत ओटो मोर हे त्याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोचले. मोर मुळात रेल्वे बांधणीतून आलेले इंजिनिअर. त्यांनी मांडणी आभासी कार्याच्या तत्त्वावर केली, आणि तिथून ही पद्धत कामाच्या टेबलावर आली. आज पुस्तकांत दोघांचंही नाव जोडून येतं.

त्यांची युक्ती अशी. ज्या सांध्याचं सरकणं हवं, तिथे हव्या त्या दिशेने आधी एक किलोन्यूटनचं बल लावायचं. खरं बल नाही, हिशेबापुरतं. त्यामुळे प्रत्येक दांड्यात थोडंसं बल येतं. त्याला n म्हणू. हे एकक बल जागेवर असतानाच मग खरा भार चढवायचा, ज्याने दांड्यांत N ही बलं येतात. आता प्रत्येक दांड्यात एकूण बल आहे N अधिक n, आणि ऊर्जा आहे त्याच्या वर्गाच्या प्रमाणात.

शाळेत घोकलेलं सूत्र आठवा: अ अधिक ब कंसाचा वर्ग म्हणजे अ वर्ग, ब वर्ग आणि अधिक दोन अ ब. युनिट लोड पद्धत या शेवटच्या ‘दोन अ ब’वर उभी आहे. आपल्या मधल्या उभ्या दांड्यात खऱ्या भाराने 60 आणि क ला लावलेल्या एकक भाराने 1 किलोन्यूटन येतं. एकूण 61, त्याचा वर्ग 3721. यातले 3600 खऱ्या भाराचे एकट्याचे आणि 1 एकक भाराचा एकट्याचा. उरलेले 120 दोघांच्या एकत्र असण्यामुळे आले.

बाहेरच्या कामाचेही असेच तीन भाग पडतात. एकक भार चढताना त्याने केलेलं काम, खरा भार चढताना खऱ्या भाराने केलेलं काम, आणि तिसरं म्हणजे खरा भार चढत असताना आधीपासून तिथे असलेला एकक भार सांध्याबरोबर सरकला, त्याचं काम. पहिल्या दोन कामांचा हिशेब पहिल्या दोन ऊर्जांशी फिटतो. उरतं ते तिसरं काम आणि ‘दोन अ ब’ची ऊर्जा. ही दोन एकमेकांइतकी असायलाच हवीत. तिसऱ्या कामात निम्मे कुठेच येत नाही, कारण एकक भार तेव्हा शून्यापासून वाढत नव्हता, पूर्ण एक किलोन्यूटन होऊन बसलेला होता. काम आहे एक गुणिले सरकणं, म्हणजे सरकणंच. ऊर्जेच्या सूत्राखालचे दोन वरच्या दोनने उडतात आणि हाती येतं:

Δ = Σ N n L / (A E)

विद्यार्थी इथे हमखास विचारतात, तो अर्धा कुठे गेला? पाठ करून उत्तर देणारे गडबडतात. अर्धा पहिल्या दोन भागांत गेला, आणि ते दोन भाग आपण फेडून टाकले.

या सूत्राकडे आणखी सोप्या नजरेनं पाहता येतं. N L भागिले A E म्हणजे दांड्याचा खरा ताण किंवा आखडणं, जे आपण आधीच काढून ठेवलंय. तेव्हा काम उरतं एवढंच: प्रत्येक दांड्याच्या लांबीतला बदल त्याच्या n ने गुणायचा आणि बेरीज घ्यायची. ताण अधिक, दाब उणे, ही खूण शेवटपर्यंत सोडायची नाही.

क ला खाली एक किलोन्यूटन लावलं तर तळाच्या दांड्यांत प्रत्येकी 0.667 ताण येतो, तिरप्यांत 0.833 दाब आणि मधल्यात 1 ताण. तळाच्या दोन दांड्यांचा वाटा: 0.667 गुणिले 0.8, दोनदा, म्हणजे 1.07 मिमी. तिरप्यांत n उणे आहे आणि लांबीही उणे झाली आहे, त्यामुळे गुणाकार अधिक येतो: 2.08 मिमी. मधल्याचा 0.9. बेरीज 4.05, ऊर्जेच्या सरळ वाटेने आली होती तीच.

आता ती वाट जिथे अडली होती तिथे जाऊ. रोलरवरच्या ब ला बाहेरच्या दिशेने आडवं एक किलोन्यूटन लावा. ते तळाच्या दोन दांड्यांतून थेट अ पर्यंत जातं. त्या दोघांत n एक येतो, बाकी तिघांत शून्य. सरकणं 0.8 अधिक 0.8, म्हणजे 1.6 मिमी. भिंतीवर एवढी मोकळीक ठेवली नाही, तर रोलरचा उपयोग संपला आणि कैची भिंतीला ढकलायला लागली.

शिखराचं उतरणं हवं असेल तर एक किलोन्यूटन ड वर ठेवा. तळाच्या आणि तिरप्या दांड्यांत n मघाचाच येतो, फक्त मधला दांडा रिकामा राहतो. बेरीज 3.15 मिमी. हे बरोबर आहे की नाही ते पडताळायला दुसरं गणित लागत नाही. क आणि ड यांच्या उतरण्यातला फरक 0.9 मिमी, आणि मधला दांडा तेवढाच लांबलाय. हा मेळ बसला नाही तर कुठेतरी खुणेची चूक आहे असं खुशाल समजावं. बेरीज उणे आली तर मात्र घाबरायचं कारण नाही; सांधा आपण एकक बल ज्या दिशेने लावलं त्याच्या उलट सरकला, एवढाच तिचा अर्थ.

या बेरजेत उत्तरापेक्षाही मोलाची एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे कोणत्या दांड्याचा वाटा किती. क चं उतरणं कमी करायचंय, तर लोखंड कुठे वाढवावं? तिरप्यांचा वाटा निम्म्याहून जास्त, म्हणून बहुतेकांचं बोट तिकडे जाईल. पण दोन्ही तिरपे दुप्पट जाड केले तर 1.04 मिमी वाचतो आणि त्यासाठी 10 मीटर लांबीचं जादा लोखंड लागतं. मधला एकटा दांडा दुप्पट केला तर 0.45 मिमी वाचतो, तोही फक्त 3 मीटर लोखंडात. किलोमागे फायदा मधल्याचाच मोठा. नुसती बलं पाहून हे कळत नाही, N आणि n यांचा गुणाकार पाहूनच कळतं.

दांड्याची लांबी भारानेच बदलली पाहिजे अशी या पद्धतीची अट नाही, आणि प्रत्यक्ष कामात ती उपयोगी पडते ती यामुळे. लांबी कशानेही बदलो, तो बदल n ने गुणला की झालं. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याला लागून असलेले तिरपे दांडे खालच्या दांड्यांपेक्षा 30 अंशांनी जास्त तापले असं धरू. पोलाद अंशाला लांबीच्या दहा लाखात बारा भाग प्रसरण पावतं, म्हणजे 5 मीटरचा प्रत्येक तिरपा 1.8 मिमी वाढेल. n उणे 0.833, दांडे दोन. क तब्बल 3 मिमी वर उचलला जाईल. वजन नाही, कोणत्याही दांड्यात बल नाही, तरी सांधा हलला. जो विद्यार्थी ‘N शून्य म्हणजे दांड्याचा वाटा शून्य’ असं म्हणून ओळ खोडतो, त्याचं गणित इथे फसतं.

हीच गोष्ट उलटी वापरून रेल्वे पूल बांधते. भारतीय रेल्वेचे त्रिकोणी जाळीचे मोठे गर्डर कारखान्यात मुद्दाम थोडे ‘चुकीच्या’ लांबीचे कापतात. ज्या दांड्यांवर दाब येणार ते किंचित लांब, ज्यांच्यावर ताण येणार ते किंचित आखूड. जोडल्यावर गर्डर मधे थोडा वर उचललेला दिसतो. या उठावाला कँबर म्हणतात. रेल्वेच्या पोलादी पुलांच्या संहितेनुसार हा फरक असा ठेवायचा, की स्वतःचं पूर्ण वजन आणि गाडीच्या भाराचा 75 टक्के हिस्सा आल्यावर गर्डर नकाशातल्या खऱ्या आकारात यावा. आपल्या कैचीपुरतं बोलायचं तर तिरपे दोन दांडे प्रत्येकी 2.43 मिमी जादा लांब कापले की क बरोबर 4.05 मिमी वर बसेल, आणि सहा टन टांगल्यावर तळाची रेघ सरळ होईल. बाकी तीन दांड्यांना हातही लावावा लागत नाही.

इतकी सोयीची पद्धत काय पाहत नाही, तेही सांगायला हवं. 1000 चौरस मिमी छेद म्हणजे 50 × 50 × 5 चे दोन अँगल पाठीला पाठ लावून. तेवढ्यावर 50 किलोन्यूटनचा दाब म्हणजे चौरस मिलिमीटरला अवघे 50 न्यूटन. साध्या पोलादाच्या मानाने काहीच नाही. पण 5 मीटर लांबीचा हा सडपातळ दांडा ऑयलरच्या सूत्राप्रमाणे 17 किलोन्यूटनच्या आसपासच बाजूला वाकून निकामी होतो. तेवढंच लोखंड सुमारे 90 मिमी व्यासाच्या पाइपच्या रूपात वापरलं तर ही मर्यादा चौपटीच्या घरात जाते. युनिट लोडचं उत्तर मात्र दोन्ही वेळी 4.05. अँगलवाली कैची तिथपर्यंत पोचण्याआधीच कोसळलेली असेल, आणि बेरजेला त्याचा पत्ता नसेल.

कॅनडात 1907 साली क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच पडला आणि 75 माणसं गेली, ती दाबाखालच्या खालच्या दांड्यांमुळे. पुलाचं स्वतःचं वजन हिशेबात कमी धरलं गेलं होतं आणि दाबाच्या दांड्यांच्या पट्ट्या एकमेकांशी नीट बांधलेल्या नव्हत्या. पडण्याआधीच्या आठवड्यांत जागेवरच्या इंजिनिअरने एका दांड्याचा फुगवटा मोजला होता. पाऊण इंचावरून तो सव्वादोन इंचांवर गेला होता. सांध्यांच्या सरकण्याच्या तक्त्यात असा फुगवटा येत नाही. त्यासाठी दांड्याच्या टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून मधलं अंतर मोजावं लागतं.

दुसरी गफलत कमी जीवघेणी, पण रोजची. कागदावरचं 4.05 आणि जागेवरचं मोजमाप जुळत नाही. कारण बहुधा बोल्टच्या भोकात सापडतं. 20 मिमीच्या बोल्टसाठी भोक 22 मिमीचं पाडतात. पहिल्यांदा भार आला की बोल्ट भोकाच्या कडेला जाऊन टेकतात. प्रत्येक दांडा दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटर घसरला, तर त्याची जणू 2 मिमी लांबी बदलली. n ने गुणून बेरीज केली तर क चं या घसरण्यापुरतं उतरणं निघतं 8 मिमी, म्हणजे लवचीक उतरण्याच्या जवळपास दुप्पट. हा दोष पोलादाचा नाही आणि गणिताचाही नाही.

तो ओळखायला डायल गेज पुरतं. ते क खाली लावायचं आणि पहिल्यांदा सहा टन चढवायचे. काटा बारा मिलिमीटरच्या आसपास जाईल. मग सगळं वजन उतरवायचं. लवचीक भाग परत येतो, घसरलेला येत नाही, त्यामुळे काटा शून्यावर न जाता आठच्या जवळ थांबतो. तिथून गेज पुन्हा शून्यावर आणून तेच वजन दुसऱ्यांदा चढवलं, की वाचन चार मिलिमीटरच्या शेजारी येतं. दुसऱ्यांदाही काटा बराच पुढे गेला, तर बोल्टांना दोष देणं थांबवून दांड्यांचे छेद आणि टेकूंचं बसणं तपासायला घ्यावं.